माठावर पांढरा थर, हिरवं शेवाळ आणि कुबट वास : माठ वाचेल का?

अनघा_वाघोली
नमस्कार मंडळी. आमचा लाल माठ दोन वर्षांचा आहे, साधारण आठ लिटरचा, तोटी नसलेला. गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं गार व्हायचं की सासूबाई फ्रिजची बाटली बघायच्याही नाहीत. यंदा मात्र पाणी जेमतेम साधंच राहतं. बाहेरून पोटाला मिठासारखा पांढरा थर आलाय, नखाने खरवडला की पूड पडते. एका बाजूला हिरवं शेवाळ आहे. आणि ओट्याजवळ गेलं की कुबट वास येतो, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा.

मी आळस केला असंही नाही. दर रविवारी मीठ आणि खाण्याचा सोडा लावून आतून-बाहेरून घासते. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं हे खरं, पण माठात मी फक्त आरओचं पाणी भरते. मग हे क्षार आले कुठून? माठ टाकून द्यायचा जीव होत नाही. काय करू?

सदाभाऊ
अगदी सोपं आहे. अर्धं लिंबू, मूठभर मीठ, दोन चमचे सोडा. खसाखसा घासा आणि वरून उकळतं पाणी ओता. आमच्या घरी चाळीस वर्षं हेच चालू आहे. फेस येतो ना, तो सगळी घाण वर काढतो.

प्रसाद_के
माठाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. लाल घ्यावा की काळा? काळ्यात पाणी जास्त गार होतं म्हणतात.

रेवती_रत्नागिरी
सदाभाऊ, उकळत्या पाण्याचं जरा जपून सांगा हो. मी गेल्या वर्षी तेच केलं. रात्रभर सावलीत राहिलेला गार माठ होता. वरून खळखळतं पाणी ओतलं आणि ‘टक्’ असा आवाज आला. तेव्हा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाण्याचं तळं! बुडाशी केसाएवढी चीर गेली होती. आता त्यात पुदिना लावलाय.

माझंही एक विचारायचं होतं. नवीन माठ आणलाय, स्वच्छ आहे, पण पाणी काही केल्या फार गार होत नाही. भोकं बुजली असतील का?

मातीमोल
अनघाताई, आधी तीन प्रश्न. शेवाळ नेमकं कुठल्या बाजूला आहे? माठाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळता का? आणि वास पाण्याला येतो की माठाच्या आसपास? तिसऱ्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. स्टीलच्या भांड्यात माठातलं पाणी घ्या, दुसऱ्या खोलीत न्या, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग वास घ्या.

रेवतीताई, तुमच्या माठाचा दोष नाही, हवेचा आहे. बाहेर आलेलं पाणी उडून गेलं तर माठ गार होतो. रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात ते उडणार कुठे? माठ बाहेरून कायम ओलसर असेल आणि तरी पाणी गार नसेल, तर भोकं उघडी आहेत असं समजा. बाहेरून कोरडा राहत असेल तर बुजलीत. तुमचा कसा आहे?

रेवती_रत्नागिरी
ओला. हात लावला की ओल लागते. तिवईखाली वाटी ठेवावी लागते.

मातीमोल
मग त्याला घासून काही फायदा नाही. खिडकीच्या वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. थोडा फरक पडेल, लातूर-सोलापूरसारखा मात्र नाही.

अनघा_वाघोली
मातीमोल, केलं सगळं.
शेवाळ खिडकीकडच्या बाजूलाच आहे, भिंतीकडे अजिबात नाही. पाण्याला वास नाही! मला आणि मुलाला दोघांनाही आला नाही. फडकं हो, जुन्या धोतराचं गुंडाळते, दिवसातून तीनदा ओलं करते. आणि माठाखाली जुन्या साडीची चुंबळ आहे.

आता सांगायला लाज वाटते. फडकं ओलं करायला मी आरओचं वाया जाणारं पाणी वापरते. बादलीत साठवलेलं असतं, फेकायला जीवावर येतं. लादी, बाथरूम, कुंड्या आणि माठाचं फडकं.

मातीमोल
सापडलं! लाज कसली, पाणी वाया घालवायचं नाही हा विचार चांगलाच आहे. जागा तेवढी चुकली. आरओ मशीन चांगलं पाणी एका नळीने देतं आणि त्यातले अडवलेले क्षार दुसऱ्या नळीने बाहेर काढतं. म्हणजे ते वायाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट असतं. ते तुम्ही दिवसातून तीनदा माठाला पाजता. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. घरात टीडीएस मीटर असेल तर मोजून बघा.

दुसरं म्हणजे ते मीठ आणि सोडा. हे दोन्हीही क्षारच की. स्टीलच्या पातेल्यावरून ते धुऊन निघतात, माठात शोषले जातात. घासताना विरघळून भोकांत शिरतात आणि माठ वाळला की आतल्या आत खडे धरतात. खडा वाढताना मातीला ढकलतो. तुमच्या माठाचे लाल पापुद्रे सुटतात का? आत बोट फिरवून बघा.

अनघा_वाघोली
मीटर लावला. आरओचं पाणी ४५, बोअरचं १२८०, वायाचं १९१०. अरे देवा.
पापुद्रे सुटतात. आत बोट फिरवलं तर लाल पूड लागली, कुंकवासारखी. मला वाटायचं माझ्या घासण्याने मळ निघतोय.

सदाभाऊ
मग आमचा माठ चाळीस वर्षं कसा टिकला? लिंबाने फेस येतो म्हणजे काहीतरी निघतं ना!

मातीमोल
सदाभाऊ काका, लिंबाचं तुमचं निम्मं बरोबर आहे. पांढऱ्या थरातला जो चुना असतो तो आंबटाने खरंच विरघळतो. पण सोबत सोडा टाकला की लिंबू सोड्यालाच खातं. तो फेस त्या दोघांच्या भांडणाचा, माठाच्या घाणीचा नव्हे. एक करून बघा, नुसतं लिंबू नुसत्या थरावर पिळा. बुडबुडे आले तर चुना. नाही आले तर तो पाण्यात विरघळणारा क्षार, त्याला लिंबू लागतच नाही.

आणि चाळीस वर्षं एकच माठ की दरसाल नवा?

सदाभाऊ
दरसाल नवा. आखाजीला कुंभाराकडूनच येतो, घागर भरायची असते ना आमच्याकडे. पण पद्धत तीच आहे.

मातीमोल
:) मग एका वर्षात माठाला बिघडायला वेळच मिळत नाही.

अनघाताई, आता माठ वाचवायचं बघू. मी पंढरपूरकडच्या कुंभारवाड्यातला, पण ही रीत घरात नाही शिकलो. मी तीन वर्षं उत्खननातली खापरं साफ करायच्या कामावर होतो. शेकडो वर्षं खारट जमिनीत पडलेलं खापर नुसतं धुऊन ठेवलं तर काही महिन्यांत त्याचा वरचा पापुद्रा उडतो, वरची नक्षीसुद्धा जाते. म्हणून तिथे क्षार घासत नाहीत, मुरवून काढतात. तेच माठाला करायचं.

पहिलं, माठ पूर्ण वाळू द्या. दोन दिवस सावलीत पालथा, पण काठाखाली दोन काड्या ठेवा म्हणजे आत हवा खेळेल. मग दोन-तीन दिवस ऊन. वाळत आला की पांढरा थर आणखी वाढलेला दिसेल, घाबरू नका. आतला क्षार पाण्याबरोबर बाहेर येतोय. ही वाढलेली पूड कोरड्या ब्रशने झाडून टाका. ओलं फडकं इथे अजिबात लावायचं नाही, लावलंत तर बाहेर आलेला क्षार विरघळून पुन्हा आत जाईल. शेवाळही तेव्हाच काढा. वाळलं की ते चिटकून राहत नाही, काथ्याने सालीसारखं निघतं. डाग मात्र राहील.

दुसरं, माठ मोठ्या टबात पूर्ण बुडवा, आत-बाहेर पाणी. पाणी कमी क्षाराचं हवं, बोअरचं घेतलंत तर सगळं मुसळ केरात. चोवीस तास ठेवा, पाणी ओतून द्या, नवीन भरा. तुमच्याकडे मीटर आहे तर उत्तमच. दर वेळी ओतायच्या आधी आकडा बघा. भरताना जो होता त्याच्या जवळपास आला की थांबा.

साबण कुठल्याच टप्प्यावर नको. एकदा भोकांत गेला की महिनाभर पाण्याला चव देतो.

नीरजा_पणजी
हे माझ्या बुडकुल्यालाही चालेल का? हुमण करते त्यात. सहा महिने कपाटात ठेवलं होतं, आता खवट वास येतो, माशाचा आणि तेलाचा मिळून. उन्हात ठेवून झालं, जात नाही.

मातीमोल
नीरजाताई, तुमचं दुखणं वेगळं. माठाची भोकं उघडी हवीत. रांधायच्या भांड्याची मात्र तेलाने आणि पेजेने थोडी बुजलेलीच बरी, म्हणून तर ते पाझरत नाही. तुमच्याकडे जुनं तेल खवट झालंय, आणि त्याला उष्णता लागते, ऊन पुरत नाही. बुडकुल्यात पाऊण भाग पाणी, त्यात दोन मुठी तांदूळ किंवा कोंडा, आणि अगदी मंद आच. उकळी यायला अर्धा तास लागला तरी चालेल. वीस मिनिटं उकळू द्या, गॅसवरच गार होऊ द्या. पेज फेकून द्या. असं दोन-तीनदा. गरम भांडं थंड ओट्यावर ठेवू नका, खाली फडकं किंवा लाकडी पाट घ्या.

त्यानंतरही वास राहिला तर आमच्या आजीची रीत होती. रिकामं भांडं विझत आलेल्या चुलीवर पालथं घालून रात्रभर ठेवायचं. गॅसवर हे जमत नाही, रिकामं भांडं एका जागी तापतं आणि फुटतं.

नीरजा_पणजी
चूल कुठली आता! पण आईच्या घरी न्हाणीत बंब पेटतो, तिथे निखारे मिळतील. पेजेचं आधी करून बघते.

प्रसाद_के
लाल की काळा?

डॉ_जोशी_निवृत्त
मी असतो तर आतून ब्लीचिंग पावडरचं पातळ द्रावण फिरवून धुतलं असतं. आतला बुळबुळीतपणा म्हणजे जंतूंची साय. क्षारांच्या नादात तिकडे दुर्लक्ष नको. आणि एक धोक्याची सूचना. ब्लीचिंग आणि व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र कधीही येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दर आठवड्याला माठ रिकामा करून कोरडा करावा हे तर आहेच. डासांच्या अळ्यांसाठी ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो रांजण-माठांनाही लागू.

मातीमोल
डॉक्टर, आठवड्याला कोरडा करण्याबद्दल शंभर टक्के. ब्लीचिंगचं मला पटत नाही, त्याचाही क्षारच मागे उरतो आणि माठ तो पितो. मी कोमट पाणी, काथ्या आणि दोन दिवसांचं कडक ऊन यावर भागवतो.

डॉ_जोशी_निवृत्त
उन्हाने माठाच्या आतला तळ किती तापतो यावर मला शंका आहे. अरुंद तोंडाचा माठ असेल तर ऊन आत पोचतच नाही. घरात कोणाला जुलाब झाले असतील तर मी ब्लीचिंगच वापरेन, मग तो माठ पाण्यात मुरवत ठेवेन. माठ गेला तर गेला.

मातीमोल
जुलाबाच्या वेळी मी माठच बदलेन. पण तुमचा मुद्दा अरुंद तोंडाबद्दल बरोबर आहे. तसा माठ असेल तर आत मूठभर धुतलेली जाडी वाळू आणि तांब्याभर पाणी घालून गोल गोल हिंदकळवावा, हात पोचत नाही तिथे वाळू पोचते.

अनघा_वाघोली
बारा दिवसांनी आले. सविस्तर लिहिते.

वाळवला. तिसऱ्या दिवशी माठ इतका पांढरा झाला की सासूबाई म्हणाल्या, याला चुना कोणी लावला? जुन्या टूथब्रशने वर्तमानपत्रावर झाडला. सपाट दोन चमचे पूड निघाली. शेवाळ खरंच सालीसारखं सुटलं.

आरओचं एवढं पाणी काढायचं म्हणजे तितकंच वाया, म्हणून माठ गाडीत घालून माहेरी पेठेत नेला. तिथल्या नळाचं पाणी मीटरवर ९० दाखवतं. कपडे भिजवायच्या मोठ्या टबात बुडवला. बुडवल्यावर पाच-सात मिनिटं त्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या, भाचा तिथून हलेना.
पहिल्या दिवशीचं पाणी ८७०. दुसऱ्या दिवशी ४१०. तिसऱ्या १९०. चौथ्या १३०. तिथे थांबले.

परत वाळवल्यावर अगदी पुसट पांढरं आलं, ते झाडलं. गळ्याच्या काठाला मात्र एक कडक पट्टा राहिला, नखाने निघेना. त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर चुरचुरला. मग?

मातीमोल
तो चुना. आता सदाभाऊ काकांचं लिंबू चालेल, पण सोडा-मिठाशिवाय. एक क्रम पाळा. आधी माठ साध्या पाण्यात तासभर भिजवून घ्या. भोकं पाण्याने भरलेली असली की आंबट आत शिरत नाही, वरच्यावर राहतं. मग एक वाटी व्हिनेगर चार वाट्या पाण्यात मिसळून फक्त त्या पट्ट्यावर कापडाने लावा. दहा मिनिटांत ब्रश मारा, भरपूर धुवा, पुन्हा एक रात्र बुडवून ठेवा. संपूर्ण माठ आंबटात बुडवू नका. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक कण असतात, ते विरघळले की तिथे खड्डे पडतात.

सदाभाऊ
म्हणजे लिंबू माझंच खरं निघालं.

अनघा_वाघोली
काका, निम्मं :)

पट्टा बराचसा गेला. आता निकाल. स्वच्छ केल्यावर माठ भरला आणि आत पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण केली. साफ करायच्या आधीही अशीच केली होती, तेव्हा रात्रीतून पाणी जेमतेम अर्धं बोट उतरलं होतं. आता दोन बोटं उतरलं. भरल्यावर दोन तासांत बाहेरून ओल फुटली. स्वयंपाकघरात ३६ अंश होतं, माठातलं पाणी आधी ३३ असायचं, आता २८.

वासाचं मूळ चुंबळ होती. उचलली तर खालून काळी पडलेली, आत बुरशी. माठ बिचारा उगाच बदनाम. चुंबळ टाकली, आता उघडी लोखंडी तिवई. फडकं रोज सकाळी बदलते, दोन केलीत, एक दोरीवर आणि एक माठावर, आणि ओलं करायला माठातलंच पाणी. खिडकीपासून हातभर सरकवला.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. बुडाशी तळहाताएवढा भाग अजून भुसभुशीत आहे, बोट लावलं की लाल पूड येते. पाणी गाळून घेते तर गाळणीत थोडी माती दिसते.

मातीमोल
तो भाग गेलेला आहे, ताई. क्षार काढता येतो, त्याने फोडलेली माती परत जुळत नाही. भट्टीत पुन्हा भाजून घट्ट होईल का असं काही जण विचारतात. आमच्या वडिलांनी एकदा दोन जुने माठ आव्यात घातले होते, एक फुटला आणि एक निभावला. मी तुम्हाला सांगणार नाही. कोरडा असताना तळाशी बोटाच्या पेराने वाजवून बघा. टणटण वाजला तर अजून एक उन्हाळा काढेल. थप् असा बसका आवाज आला तर चीर आहे, एक दिवस भरलेला असतानाच बसेल.

अनघा_वाघोली
वरच्या बाजूला टणटण आहे. तळाशी... मधलाच काहीतरी. थोडा बसका वाटतो.

मातीमोल
मग अर्धाच भरा आणि खाली परात ठेवा.

नीरजा_पणजी
पेज दोनदा उकळली. तेलाचा खवटपणा गेला. माशाचा वास थोडा आहे, पण आई म्हणते तो नसेल तर हुमणाला चव कसली. बंबाच्या निखाऱ्यांचा बेत रद्द.

प्रसाद_के
मी शेवटी काळा घेतला. चार दिवस झाले, बाहेरून थेंबभरही ओल नाही आणि पाणी कोमट. चकाकतो मात्र मस्त. ओला हात फिरवला तर रंग लागत नाही, पाणी मोत्यासारखं ओघळून जातं.

मातीमोल
पाणी ओघळतं म्हणजे वरून तैलरंग किंवा पॉलिश मारलंय. त्यातून पाणी बाहेर येणारच नाही. बुडाला, जिथे रंग पोचत नाही तिथे, ओलं बोट टेकवून बघा. ओल लगेच शोषली गेली तर माती चांगली आहे, वरचा रंगच नडतोय. पावती असेल तर परत करा, खरवडत बसू नका.

प्रसाद_के
पावती कसली, रस्त्याच्या कडेला घेतला. बुडाला बोट टेकवलं, शोषलं. लाल घ्यायला हवा होता का?